इंदूला उत्तर येत नाही

सामूहिक खेळापूर्वी वर्गात मोठ्याने वाचायची गोष्ट लिहिणे हे काम वाटते तितके सोपे नाही. मुले आधीच खेळाच्या ओढीने चुळबुळत असतात, बाके सरकवायची असतात, गट पाडायचे असतात, आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेतून गोष्टीच्या वाट्याला फार तर पाच-सहा मिनिटे येतात. तेवढ्या वेळात पात्रे ओळखीची व्हावी लागतात, काहीतरी घडावे लागते, आणि गोष्ट अशा ठिकाणी थांबावी लागते की तिथून मुलांना थेट खेळात उतरता येईल. मी कोल्हापुरातल्या एका मराठी शाळेत पाचवीला शिकवते. शनिवारच्या सकाळच्या शाळेत आमच्या वर्गात गटांची प्रश्नमंजूषा असते आणि तिच्या आधी वाचण्यासाठी मी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. ती एका बुजऱ्या मुलीची आहे. गटात चार मुले असली तरी बोलणारी दोन आणि ठरवणारे एकच असते, हे ज्यांनी असा खेळ घेतला आहे त्यांना ठाऊक असेल. उरलेल्यांपैकी एखादे मूल तर गटात बसूनही गटाबाहेरच राहते.

गोष्ट आधी देते, कारण तिच्याविषयी जे सांगायचे आहे ते तिच्यातल्या बारकाव्यांवरच अवलंबून आहे.

भुदरगड गटात चौघे जण होते : बापू, दत्तू, सगुणा आणि इंदू. बापूचा आवाज मोठा होता. दत्तूचा हात सगळ्यांच्या आधी वर जायचा. सगुणाचे अक्षर छान होते, म्हणून उत्तरे लिहायचा कागद तिच्याकडे असायचा. आणि इंदू? इंदू कंपासपेटी उघडायची आणि बंद करायची. बाईंनी तिच्याकडे पाहिले की ती पेटीत खोडरबर शोधू लागायची, आणि खोडरबर तिच्या हातातच असायचा.

त्या दिवशी वर्गात प्रश्नमंजूषा होती. नियम सोपा होता. बाईंनी प्रश्न विचारला की प्रत्येकाने आधी आपापल्या चिठ्ठीवर उत्तर लिहायचे, मग चौघांनी कुजबुजत ठरवायचे, आणि शेवटी गटातल्या एकाने उभे राहून सांगायचे. भुदरगडातून उभा राहायचा तो बापूच.

तीन प्रश्न झाले. तिन्ही वेळा बापूने कोणाचीही चिठ्ठी न वाचता उत्तर सांगून टाकले. दोन बरोबर आली, एक चुकले. पन्हाळा गट पुढे गेला.

मग बाईंनी चौथा प्रश्न विचारला, "पंचगंगा कोणत्या पाच नद्यांची मिळून झाली आहे, असे म्हणतात?"

"सोप्पं हाय!" बापू कुजबुजला, पण बापूची कुजबुज खिडकीपर्यंत ऐकू जायची. "कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती." त्याने बोटे मोजली. चार झाली. अंगठा तसाच राहिला.

"पाचवी कुठली?" सगुणाने विचारले.

"कृष्णा!" दत्तू म्हणाला. "नरसोबाच्या वाडीला गेलो की बघतोय की आपण."

"व्हय, कृष्णाच," बापू म्हणाला. "लिही सगुणा, कृष्णा."

इंदूच्या चिठ्ठीवर चार नद्या होत्या. पाचवी तिलाही आठवत नव्हती. पण चिठ्ठीच्या तळाशी तिने अगदी बारीक अक्षरांत लिहिले होते, 'कृष्णा नाही'. आणि त्या दोन शब्दांवर तिने आपला तळवा ठेवला होता.

सगुणाने कागदावर पेन टेकवले, आणि तिला तो तळवा दिसला.

"थांबा," सगुणा म्हणाली. "एक चिठ्ठी राहिलीय."

"अगं, वेळ संपंल!" बापू म्हणाला.

"पाच बोटं मिटेपर्यंत थांब की."

सगुणाने आपला हात बाकावर ठेवला. तिने इंदूकडे पाहिले नाही. ती आपल्या बोटांकडेच पाहत राहिली. एक बोट मिटले. दुसरे मिटले. तिसरे. चौथे. पाचवे.

"कृष्णा पुढं मिळते," इंदू म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक होता की दत्तूला खाली वाकावे लागले. "काय?"

इंदूचे कान गरम झाले. आता खोडरबर शोधावा, असे तिला वाटले. पण तिने पुन्हा सांगितले, या वेळी जरा मोठ्याने. "पंचगंगा वाडीला जाऊन कृष्णेला मिळते. मग कृष्णा तिच्यात आधीपासून कशी असंल?"

बापूने काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले, आणि पुन्हा मिटले. मग तो म्हणाला, "मग पाचवी कुठली?"

"ते मला आठवंना."

थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही.

"थांबा थांबा," दत्तू एकदम म्हणाला. "आमची आजी म्हणते, चिखलीच्या प्रयागाला चार नद्यांचं पाणी येतं ते दिसतं, आणि एकीचं दिसत नाही. गुप्त हाय म्हणते ती. तिचं नाव..." त्याने डोळे घट्ट मिटले. "सरस्वती!"

सगुणाने लिहिले. बापूने उभे राहून पाचही नावे सांगितली. बाई म्हणाल्या, "बरोबर." त्यांनी फळ्यावर भुदरगडाचे गुण मांडले आणि पुढचा प्रश्न विचारला.

पाचव्या प्रश्नाला इंदू काही बोलली नाही. सहाव्या प्रश्नाला तिने एक उत्तर सुचवले. ते चुकीचे होते. "ते नव्हं वाटतं," बापू म्हणाला, "पण तसलंच काहीतरी हाय." आणि चौघेही पुन्हा विचार करू लागले.

सातव्या प्रश्नाला सगुणाने लिहायला पेन उचलले, तेव्हा बापूने तिला थांबवले. त्याने आपला हात बाकावर ठेवला. "चिठ्ठ्या वाचल्या का सगळ्यांच्या?" त्याने विचारले, आणि या वेळी त्याची कुजबुज खरोखरच कुजबुज होती.

गोष्ट इथे संपते. सावकाश आणि मधले थांबे पाळून वाचली, तर ती ठरलेल्या पाच-सहा मिनिटांत बसते.

बुजऱ्या मुलाच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्या आणि ऐकल्या आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकींचा साचा एकच असतो. मूल गप्प असते, त्याला काही येत नाही असे सर्वांना वाटत असते, शेवटचा निर्णायक प्रश्न येतो, कोणालाच उत्तर येत नाही, ते मूल थरथरत उभे राहते, अचूक उत्तर देते, गट जिंकतो आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. ऐकायला ही गोष्ट छान लागते. परंतु ज्या मुलासाठी ती वाचायची त्याच्या बाजूने पाहिले तर तिच्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, अचूक उत्तर येत असेल तेव्हाच तोंड उघडावे, हाच नियम ती पक्का करते, आणि बुजरे मूल तर तो नियम आधीपासूनच मनात बाळगून असते. त्याला बऱ्याचदा उत्तर येत असते, पण खात्री नसते; आणि खात्री होईपर्यंत प्रश्न पुढे गेलेला असतो. दुसरी अडचण टाळ्यांची. पन्नास-साठ डोळे एकदम आपल्याकडे वळणे हीच ज्याची भीती आहे, त्याला धाडसाचे बक्षीस म्हणून तीच गोष्ट देऊ करण्यात काही अर्थ नाही.

म्हणून इंदूला पाचव्या नदीचे नाव मी दिले नाही. तिच्याजवळ उत्तर नाही, फक्त एक शंका आहे, आणि शंका बोलून दाखवणे हे उत्तर सांगण्यापेक्षा अवघड असते. कारण तिने बोलले की गटातल्या दोघांचे ठरलेले मोडते आणि त्या जागी ठेवायला तिच्याकडे काही नसते. "ते मला आठवंना" हे वाक्य माझ्या दृष्टीने या गोष्टीतले सर्वांत धीट वाक्य आहे. सरस्वतीचे नाव दत्तूला आठवते, पण कृष्णा खोडली गेली नसती तर त्याला आजीचे बोलणे आठवण्याचे कारणच उरले नसते. प्रश्नमंजूषेत गट म्हणून जे काम होते ते खरे म्हणजे असेच होते : एकाने चुकीचे दार बंद केले की दुसऱ्याला बरोबर दार दिसते. बाईंनीही गोष्टीत फक्त "बरोबर" एवढेच म्हटले आहे. वाचणाऱ्या शिक्षकाने त्या ठिकाणी आपल्या मनाने "शाबास इंदू!" असे घालू नये, अशी माझी विनंती राहील. उत्तर बापूने सांगितले, त्यामुळे इंदूने काय केले ते फक्त त्या चौघांनाच ठाऊक आहे, आणि तिला तेवढेच पेलणारे आहे.

पंचगंगेचा प्रश्न निवडण्यामागे एक साधे कारण आहे. नकाशात पाहिले तर कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चारच नद्या सापडतात. पाचवी सरस्वती ही लोकांच्या श्रद्धेतली गुप्त नदी. म्हणून बाईंच्या प्रश्नात "असे म्हणतात" हे शब्द आहेत आणि ते वाचताना गाळू नयेत, नाहीतर एखादा चौकस विद्यार्थी नकाशा उघडून बसतो आणि खेळ बाजूला राहतो. (तो बसला तर बसू द्यावा, हे माझे खासगी मत.) न दिसणारी नदी आणि न बोलणारी मुलगी यांची सांगड गोष्टीत आपोआप बसली आहे, हे मला कळते, पण ती बोलून दाखवणारे एकही वाक्य मी ठेवलेले नाही. ज्या मुलाला ती दिसायची त्याला दिसते, आणि ज्याला दिसत नाही त्याचे काही अडत नाही. दिसली आणि मी मोठ्याने सांगितली, तर वर्गातल्या गप्प मुलीकडे सगळ्यांच्या माना वळतील, एवढेच होईल.

ही गोष्ट नावाला इंदूची असली तरी ती मी लिहिली आहे ती सगुणा आणि बापूसाठी. वर्गात बुजरी मुले चार-पाच असतात. त्यांच्या गटांतली बाकीची मुले त्यांच्या तिप्पट असतात. बुजऱ्या मुलाला "धीट हो" असे सांगून ते धीट होत नाही, परंतु बोलक्या मुलाला "पाच बोटे मिटेपर्यंत थांब" असे सांगितले तर ते थांबू शकते, कारण ती करता येण्याजोगी कृती आहे. म्हणून गोष्टीचे वळण इंदूच्या मनात न ठेवता सगुणाच्या हातात ठेवले आहे.

थांबण्याच्या या वेळेबद्दल शिक्षणशास्त्रात जुना आणि भक्कम अभ्यास आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी प्राथमिक वर्गांतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे ऐकून १९७४ साली असे मांडले की, प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तेवढ्यात उत्तर आले नाही तर ते प्रश्न पुन्हा विचारतात किंवा दुसऱ्याला उठवतात. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढवला तेव्हा उत्तरे लांबली, गप्प राहण्याचे प्रसंग कमी झाले, आणि शिक्षक ज्यांना मंद समजत होते ती मुलेही बोलू लागली. त्यांनी आणखी एक थांबा वेगळा सांगितला आहे, आणि तो आपल्याकडून अधिकच सुटतो. मूल बोलून थांबल्यानंतर आपण लगेच बोलू लागतो. तिथेही थांबले तर मूल आपले वाक्य पुढे नेते. गोष्टीत हे दोन्ही थांबे आहेत. सगुणाची पाच बोटे हा पहिला. आणि बापू तोंड उघडून मिटतो तो दुसरा. रो यांचे निरीक्षण शिक्षकांविषयीचे आहे, पण गटात बसलेला दहा वर्षांचा बापू त्या घटकेपुरता शिक्षकच असतो, आणि त्याचा थांबा तर एक सेकंदही नसतो.

वाचताना हा पहिला थांबा खरोखर घ्यायचा असतो, आणि सारी गोष्ट वाचण्याचे मर्म तिथेच आहे. "पाचवे" या शब्दापर्यंत येताना मी प्रत्येक बोटाला साधारण एक सेकंद देते, स्वतःचा हात टेबलावर ठेवून बोटे मिटते, आणि पाचवे बोट मिटल्यावरही क्षणभर काही बोलत नाही. कागदावर हे पाच-सहा सेकंद काहीच नसतात. वर्गात मात्र ते फार लांब वाटतात. कोणीतरी खोकते, मागच्या बाकावरून हळूच हसू येते, आणि एखादे मूल न राहवून "सरस्वती!" असे ओरडतेच. ओरडले तर मी त्याच्यावर रागावत नाही आणि उत्तराला होकारही देत नाही. हातानेच थांबण्याची खूण करते आणि इंदूचे वाक्य वाचते. त्या ओरडणाऱ्या मुलाला पाच सेकंद गप्प बसणे किती कठीण असते हे त्याचे त्यालाच कळलेले असते, आणि ते मी वेगळे समजावून सांगण्याची गरज उरत नाही. उलट वाचणाऱ्याने घाईने "एक-दोन-तीन-चार-पाच" असे म्हणून टाकले, तर गोष्टीतला सारा प्रसंग नुसती माहिती होऊन जातो आणि नंतरच्या खेळात कोणीही थांबत नाही. वाचन जमले की नाही हे ओळखण्याची माझी खूण हीच आहे : त्या जागी वर्ग अस्वस्थ झाला पाहिजे.

त्या क्षणी वाचणाऱ्याची नजर कुठे असावी, हेही महत्त्वाचे आहे. आपल्या वर्गातली इंदू कोण हे शिक्षकाला माहीत असते आणि नकळत डोळे तिकडे जातात. मुले ते लगेच टिपतात. मी या ठिकाणी बोटांकडे पाहते, जसे सगुणा पाहते. सगुणाने इंदूकडे न पाहण्याचे वाक्य गोष्टीत मुद्दाम आहे, कारण थांबणे आणि रोखून पाहणे यांत मुलांची गल्लत होते. पहिल्यांदाच हा नियम ऐकलेला गट गप्प मुलाभोवती वाकून, तिघांच्या सहा डोळ्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो, आणि मग "बोल की, आम्ही थांबलोय की!" असा प्रेमळ तगादा सुरू होतो. तो थांबा नव्हे, तो पहारा झाला. मूल आणखी आक्रसते, खाली पाहू लागते, आणि चिठ्ठी मुठीत चुरगाळली जाते. असे दिसले की मी गटाजवळ जाऊन फक्त एवढेच सांगते, "नजर बोटांवर." ही गोष्टीतल्या सगुणाचीच कृती असल्यामुळे मुलांना रागावल्यासारखे वाटत नाही.

पात्रांची नावे जुन्या वळणाची का, असे एका सहकारी बाईंनी मला विचारले होते. आजच्या हजेरीपटावर इंदू, सगुणा, बापू किंवा दत्तू सापडत नाहीत. ती या मुलांच्या आजी-आजोबांची नावे आहेत. वर्गातल्या कोणाचेही नाव गोष्टीतल्या गप्प मुलीला लागले, तर त्या नावाच्या मुलीला महिनाभर चिडवले जाईल, आणि बापूच्या जागी वर्गातले नाव आले तर तो मुलगा गोष्ट संपेपर्यंत ऐकणारच नाही. जुन्या नावांनी सुरुवातीला थोडे हसू येते, ते आले तरी बिघडत नाही. संवाद इथल्या बोलीत आहेत, निवेदन पुस्तकी आहे. दोन्ही एकाच सुरात वाचले तर कोण बोलते आहे हे मागच्या बाकांना कळत नाही, म्हणून बापूचे वाक्य किंचित मोठ्याने आणि इंदूचे पहिले वाक्य खरोखर बारीक आवाजात वाचावे. ते मागे ऐकू गेले नाही तरी चालेल, कारण पुढच्याच ओळीत दत्तू "काय?" असे विचारतो.

गोष्ट संपल्यावर "यातून आपण काय शिकलो?" हा प्रश्न विचारू नये. तो विचारला की तयार उत्तरे येतात आणि ती देणारी मुले पुन्हा तीच असतात. गोष्ट संपल्या संपल्या मी गट पाडते, चिठ्ठ्या वाटते आणि पहिला प्रश्न सांगते. नियम गोष्टीतलेच असल्यामुळे ते वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. पहिल्यांदा सुमारे अर्धा मिनिट पूर्ण शांतता असते आणि प्रत्येक मूल स्वतःच्या चिठ्ठीवर लिहिते. काही येत नसेल तर "येत नाही" असे लिहायचे, किंवा इंदूसारखे "हे नाही" असे लिहायचे. कोरी चिठ्ठी मात्र चालत नाही. त्यानंतर चिठ्ठ्या बाकाच्या मध्यभागी ठेवून एकेक करून वाचायच्या, आणि स्वतःची चिठ्ठी स्वतः वाचायची नसेल तर शेजाऱ्याने वाचावी, अशी मुभा आहे. ही मुभा मला फार मोलाची वाटते, कारण बुजऱ्या मुलाचे म्हणणे गटापुढे येण्यासाठी त्याचा आवाज ही अट राहत नाही. आवाज नंतर येतो, कधी दोन शनिवारांनी, कधी सहामाही संपल्यावर.

उभे राहून उत्तर सांगणारा दर प्रश्नाला बदलावा का, याबद्दल माझे मत बदलावा असेच आहे, पण घाईने नाही. चारही मुलांना क्रमांक देऊन शिक्षकाने ऐनवेळी एक क्रमांक पुकारायचा, ही पद्धत अनेक शाळांत चालते आणि तिचा फायदा असा की कोणालाही उत्तर ऐकून ठेवावेच लागते. बुजऱ्या मुलाला मात्र पहिल्याच दिवशी असे अचानक उठवले, तर ते पुढचे सर्व प्रश्न आपला क्रमांक येतो की काय या धास्तीत घालवते आणि विचार करणेच सोडून देते. मी पहिले काही शनिवार बापूंनाच उभे राहू देते, आणि चिठ्ठ्यांची सवय लागल्यावर क्रमांक सुरू करते. तेव्हाही सांगायचे ते उत्तर गटाने ठरवलेले आणि कागदावर लिहिलेले असते, त्यामुळे चुकले तर ते चौघांचे चुकते.

प्रश्न कोणते निवडावेत यावर पुष्कळ काही अवलंबून असते. सगळ्यांना येणारा प्रश्न या खेळात निरुपयोगी, कारण त्याला चर्चा लागत नाही : खासबाग मैदान कशासाठी प्रसिद्ध आहे, असे कोल्हापूरच्या मुलांना विचारले तर सगळा वर्ग एका आवाजात "कुस्ती!" म्हणून मोकळा होतो. एकालाच येणारा प्रश्नही तितकाच निरुपयोगी. शाहू महाराजांचे दत्तकापूर्वीचे नाव विचारले, तर ज्याने यशवंतराव घाटगे हे नाव वाचले आहे तो सांगतो आणि बाकीचे तिघे बघत राहतात. चौघांच्या अर्धवट माहितीतून जुळणारा प्रश्न हवा. माझ्याजवळचा असा एक प्रश्न सांगते : "कोल्हापूर जिल्ह्यातून वाहणाऱ्या, पण पंचगंगेला न मिळणाऱ्या तीन नद्या सांगा."

एका गटात हा प्रश्न कसा सुटला ते मी शेजारी उभी राहून पाहिले होते. पहिल्या मुलाने लगेच वारणा सांगितली, ती सांगली जिल्ह्याच्या हद्दीवरून वाहते म्हणून. दुसऱ्याने राधानगरीचे धरण आठवून भोगावती म्हटले. तिसरीने दूधगंगा सुचवली, कारण कागलजवळ तिचा पूल लागतो. पण ती पंचगंगेला मिळते की नाही हे तिला सांगता येईना. चौथी मुलगी काहीच बोलली नव्हती. तिच्या चिठ्ठीवर दोन ओळी होत्या, आणि त्या शेजारणीने वाचल्या : "भोगावती नाही. हिरण्यकेशी. मामाचं गाव." मामाचे गाव गडहिंग्लजजवळ होते, आणि हिरण्यकेशी तिथूनच पुढे घटप्रभेकडे जाते. भोगावती तिने खोडली होती ती गोष्टीतली चार नावे लक्षात ठेवून. मग दूधगंगेवर चर्चा झाली, कोणीतरी ती थेट कृष्णेला मिळते असे म्हटले, आणि तीन नद्या पुऱ्या झाल्या. ज्या मुलाने भोगावती सुचवली होती तो जरा हिरमुसला, पण चिठ्ठीतल्या पहिल्या ओळीवर त्याला वाद घालता आला नाही. ती मुलगी त्या दिवशी तोंडाने एक शब्दही बोलली नाही, आणि मी तिला बोलायला लावले नाही.

ही गोष्ट एका सहामाहीत दोनदा वाचावी, तिसऱ्यांदा नाही. दुसऱ्या वाचनाला मुले बोटांच्या जागी स्वतःच बोटे मिटू लागतात, आणि त्यानंतर बाकावर हात ठेवण्याची खूण तेवढी पुरते.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. गप्प राहणारे प्रत्येक मूल बुजरे नसते. आमच्याकडे सीमाभागातून आलेल्या काही मुलांच्या घरी कन्नड बोलतात. त्यांना प्रश्न समजायला आणि उत्तर मराठीत जुळवायला वेळ लागतो, आणि त्यांना धीरापेक्षा प्रश्न फळ्यावर लिहून मिळण्याची गरज असते. एखाद्या मुलाला कुजबुज ऐकूच येत नसते आणि ते आपले हसून मान डोलावते. त्याची कानाची तपासणी व्हायला हवी. आणि एखादे मूल घरी भरभरून बोलते, भावंडांशी भांडते, पण शाळेत मैत्रिणीशीसुद्धा, खेळातसुद्धा, महिनोन् महिने एक शब्द बोलत नाही. शाळेचा पहिला महिना सोडून हे असेच चालू राहिले, तर तो हट्ट नव्हे आणि नुसता लाजाळूपणाही नव्हे. वैद्यकशास्त्रात ती चिंतेशी निगडित अशी वेगळी अवस्था मानली जाते आणि तिच्यावर उपचार आहेत. अशा वेळी पालकांशी बोलून मुलाला बालमानसतज्ज्ञांकडे नेण्यास सुचवावे. तोवर वर्गात त्याला प्रश्नमंजूषेतून वगळू नये. त्याचा गट आणि शेजारी दर शनिवारी बदलू नये, त्याची चिठ्ठी इतरांच्या चिठ्ठ्यांसारखीच वाचली जावी, आणि क्रमांक पुकारताना त्याचा क्रमांक आपल्या यादीतून गुपचूप गाळावा.